आधी हात कॅबिनेटला

संगमनेरला माझ्या मामेभावाचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे फ्लेक्स असं सगळं तिथे होतं. जानेवारीत, ऐन लग्नसराईत, त्याचा फोन आला. "दादा, कॉम्प्युटर सकाळी नीट चालतो. तासाभराने पत्रिकेवरचा गणपती जरा इकडचा तिकडे केला, तरी नुसता बघत बसतो. आणि आवाज असा, की गिऱ्हाईक विचारतं, आत गिरणी बसवलीय का? फॉरमॅट मारू?"

"काही मारू नकोस," म्हटलं, "रविवारी येतो."

रविवारी पोचलो तर त्याने तयारी करून ठेवलेली. टेबलाखालचा डेस्कटॉप ओढून बाहेर काढला होता आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणून शेजारी उभा केला होता. टेबलावर वहिनींनी दिलेलं ओलं फडकं आणि पोराच्या कंपासमधला खोडरबर. यातली एकही वस्तू कॅबिनेटच्या आत जाणार नाही, असं म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. खोडरबर तर एका रिपेअरवाल्यानेच शिकवला होता त्याला.

आधी दुखणं धुळीचंच आहे ना, याची खात्री करायची होती. मशीन चालू केल्याबरोबरच हळू असेल, तर धुळीचा संबंध बहुधा नसतो. डिस्क, मेमरी किंवा एखादा आगंतुक प्रोग्राम तपासायचा. सुरुवातीला बरं चालून तापल्यावर मंदावत असेल, आणि त्याच वेळी पंख्याचा आवाज चढत असेल, तर मात्र संशयाला जागा आहे. आम्ही HWiNFO नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम टाकला आणि एक जड फाइल उघडून दहा मिनिटं काम करत बसलो. प्रोसेसरचं तापमान 52 अंशांवरून चढत 99 वर गेलं आणि तिथेच चिकटलं. त्या प्रोसेसरची मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो, म्हणजे जळण्यापेक्षा हळू चालणं पत्करतो. प्रोग्रामच्या यादीत Thermal Throttling या ओळीसमोर Yes उमटलं होतं. गणपती का सरकत नव्हता, त्याचं उत्तर एवढंच.

हे आकडे लिहून ठेवावेत. नंतर फरक पडला की नुसतं समाधान झालं, हे त्यावरूनच ठरतं.

आता व्हॅक्यूम क्लीनर का नको. हवा आणि धूळ प्लॅस्टिकच्या नळीतून जोराने घासत जाते आणि नळीच्या तोंडावर विद्युतभार साठतो. कोरड्या हवेत तो काही हजार व्होल्टपर्यंत सहज जातो. ते तोंड आपण मदरबोर्डपासून बोटभर अंतरावर फिरवणार. वर त्याच्या ओढीने एखादा छोटा जंपर किंवा सैल स्क्रू आत गेला, तर पिशवी पालथी करून शोधत बसायचं. उडालेली धूळ फरशीवरून गोळा करायला व्हॅक्यूम क्लीनर उत्तम. बोर्डाजवळ त्याचं काम नाही.

"पण दादा, आपल्याला तर काही झटका बसत नाही," भाऊ म्हणाला. म्हणताना अंगातला लोकरीचा स्वेटर डोक्यावरून काढत होता, आणि त्याचा चटचट आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला.

गोम तिथेच आहे. दोन वस्तू एकमेकींना घासून वेगळ्या झाल्या की एकीवरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. स्वेटर आणि शर्ट, नायलॉनचा गालिचा आणि चपलेचा तळवा, टेरिकॉटची पँट आणि रेक्झिनची खुर्ची, या जोड्या त्यात पटाईत. हवेत दमटपणा असेल तर वस्तूंवर ओलाव्याचा अगदी पातळ थर असतो आणि त्यावरून तो भार हळूहळू निघून जातो. म्हणून मुंबईत जुलै महिन्यात स्वेटर चटचटत नाही (मुंबईत जुलैत स्वेटर घालणारा सापडला तर). देशावर जानेवारीच्या दुपारी किंवा विदर्भात एप्रिलमध्ये हवा एवढी कोरडी असते, की गालिच्यावर चार पावलं चाललं तरी अंगावर काही हजार व्होल्ट जमतात.

हजार हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. माणसाचं शरीर म्हणजे अगदी लहानसा कपॅसिटर आहे. चिपची चाचणी घेणारे अभियंते माणसाच्या जागी 100 पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि 1500 ओहमचा रोध धरतात. 3000 व्होल्टला त्यात साठणारी ऊर्जा अर्ध्या मिलिज्यूलपेक्षाही कमी भरते. आपल्याला तिचं काही वाटत नाही. फार तर दाराच्या कडीला हात लावताना बोटाला चिमटा बसल्यासारखं होतं, आणि तोही साधारण 3000 व्होल्टच्या पुढेच जाणवतो.

चिपचं मात्र तसं नाही. तिच्यात लाखो-कोटी ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांच्यातला विद्युतरोधक थर काही नॅनोमीटर जाडीचा असतो. ती अर्ध्या मिलिज्यूलची ऊर्जा एका सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी वेळात, एकाच पिनेतून, सुईच्या टोकाहून कितीतरी बारीक जागी उतरली, तर तिथे भोक पडतं किंवा तार वितळते. नाजूक भागांना काही शे व्होल्टही पुरतात, काहींना शंभरही. म्हणजे शंभर ते तीन हजार या मधल्या पट्ट्यात आपल्याला काहीच कळत नाही आणि नुकसान होऊन गेलेलं असतं. "मला झटका बसला नाही" याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही ती यामुळे.

याच स्थिर विजेवर भावाचा धंदा चालतो, हे त्याला सांगितलं तेव्हा त्याला मौज वाटली. लेसर प्रिंटरमध्ये टोनरची भुकटी ड्रमला चिकटते आणि ड्रमवरून कागदावर येते, ती स्थिर विद्युतभारामुळेच. अमेरिकेत चेस्टर कार्लसन यांनी 1938 साली या तत्त्वावर पहिली झेरॉक्स प्रत काढली, तीही गंधकाचा लेप दिलेली जस्ताची पट्टी सुती कापडाने घासून. त्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पोटातही थोडी टोनरची काळी भुकटी निघालीच.

तर मग उपाय काय? बहुतेकांना वाटतं, अर्थिंग. ते अर्धंच खरं. भार असण्याने काही बिघडत नाही, दोन वस्तूंच्या पातळीतला फरक बिघडवतो. तुमच्या अंगावर आणि मशीनवर सारखीच पातळी असेल, तर तुमच्या बोटातून चिपमध्ये काही उडी मारणारच नाही. दोघांची पातळी जमिनीएवढी असली तर उत्तमच, पण मुळात ती एकमेकांएवढी हवी. ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आणि इथेच एक खास आपल्याकडचा घोळ येतो. परदेशी पुस्तिकांतून आणि व्हिडिओंमधून एक सल्ला फिरत असतो, की प्लग सॉकेटमध्येच राहू द्या, मागचा स्विच तेवढा बंद करा, म्हणजे कॅबिनेटला अर्थिंग मिळत राहतं. सल्ला चूक नाही. पण त्यासाठी सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे खरोखर अर्थिंगची तार असावी लागते. भावाला विचारलं, "याला हात लावला की झिणझिण्या येतात का रे?" तो म्हणाला, "पायात चप्पल नसली की येतात. सगळ्याच कॉम्प्युटरना येत असतील ना?"

येत नाहीत. येऊही नयेत.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो त्यात, विजेतला खडखडाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून बॉडीपर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीपर्यंत. अर्थिंग ठीक असेल तर त्यातून झिरपणारा किंचितसा प्रवाह जमिनीत जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. अर्थिंग नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि 230 व्होल्टच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास तरंगते. प्रवाह अर्ध्या मिलिअँपिअरच्या आतबाहेर असतो, म्हणून माणूस मरत नाही, झिणझिण्या येतात. अशा मशीनमध्ये "अर्थिंगसाठी" प्लग ठेवून अनवाणी काम करायचं, तर तुम्ही जमिनीच्या पातळीवर आणि बोर्ड 115 व्होल्टवर. मोडायला निघालो तो फरक आपणच लावून ठेवला. शिवाय आपल्याकडे वायरिंग करताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली सॉकेट कमी नाहीत. तिथे बटण बंद केलं तरी तुटतो तो न्यूट्रल, फेज आतपर्यंत येतच राहतो.

म्हणून माझा नियम सरळ आहे: प्लग काढायचा. आणि फक्त वीजेचाच नाही. चालू मॉनिटरची केबल, चालू प्रिंटरची यूएसबी, राउटरची लॅन, सगळ्या काढायच्या. एकाच बोर्डावर अर्थिंगशिवाय चालणारा प्रिंटर त्याच्या केबलमधून कॅबिनेटला तशाच झिणझिण्या आणू शकतो. आम्ही प्रत्येक केबलचा आणि तिच्या जागेचा मोबाइलवर फोटो काढला आणि मग सगळं मोकळं केलं. त्यानंतर समोरचं पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं. आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज त्याने बरीचशी उतरते. बोर्डावर एखादा दिवा लुकलुकत असेल तर तो विझतो.

जागाही बदलली. दुकानात सिंथेटिक गालिचा होता, तो टाळून मागच्या पडवीत गेलो. तिथे शहाबादी फरशी. वहिनींचं ओलं फडकं अखेर उपयोगाला आलं, फरशी त्याने पुसून घेतली. ओलसर दगडी फरशीवर अनवाणी उभं राहिलं तर अंगावर भार टिकत नाही. रबरी चपला घातल्या तर टिकतो. भावाला स्वेटर तर काढलेलाच होता, सुती बनियन-शर्टवर राहू दिलं. टेबल लाकडी घेतलं. थर्मोकोल, प्लॅस्टिकचं टेबलक्लॉथ, फुग्याफुग्यांची पिशवी असलं काही आसपास ठेवायचं नाही, ते नुसतं हलवलं तरी भारतं.

बाजूचं झाकण उघडण्याआधी हात कॅबिनेटला लावला. कुठे लावायचा हेही महत्त्वाचं आहे. कॅबिनेटचा काळा रंग विद्युतरोधक असतो, त्याला हात लावून काही साधत नाही. मागच्या बाजूला जिथे यूएसबी आणि लॅनची भोकं असतात, तिथली चकचकीत पत्र्याची पट्टी किंवा बिनरंगाचा स्क्रू शोधायचा. तिथे बोट टेकलं की तुमची आणि मशीनची पातळी एक होते. मदरबोर्ड पितळी खुंट्यांवर स्क्रूने बसवलेला असतो, त्याच्या तांब्याचा मोठा थर त्या स्क्रूंमधून कॅबिनेटला जोडलेला असतो. म्हणून कॅबिनेटला हात म्हणजे बोर्डालाही हात. एकदा लावून भागत नाही. ब्लोअर आणायला चार पावलं गेलात, खुर्चीवरून उठलात, की परत आल्यावर पहिला हात पुन्हा तिथेच. मी तर डावा हात पत्र्यावर टेकवूनच काम करतो.

मनगटात घालायचा अँटिस्टॅटिक पट्टा मिळतो, तो हेच काम न विसरता करतो. त्याची चिमटी त्याच उघड्या धातूला लावायची. त्या पट्ट्यात 1 मेगाओहमचा रोध असतो. कुठून चुकून 230 व्होल्ट आलेच, तरी अंगातून पाव मिलिअँपिअरहून कमी प्रवाह जावा यासाठी. तो रोध म्हणजे त्या पट्ट्याचा जीव आहे. मनगटाला साधी तांब्याची तार गुंडाळून घरगुती पट्टा करणारे मी पाहिले आहेत, त्यांनी तो बेत सोडावा. आणि बिनतारी पट्टे म्हणून जे विकतात, त्यांच्यात वीज जायला वाटच नसते.

झाकण उघडलं. आत करड्या रंगाची नमदा-चादर अंथरलेली. कागदाचा कोंडा, टोनर, रोज सकाळी लावलेल्या उदबत्तीचा धूर, सगळं मिळून जमलेलं. उदबत्तीचा आणि फोडणीचा धूर धुळीला चिकटपणा देतो. कोरडी धूळ फुंकरीने उडते, ही उडत नाही. धूळ नुसती उष्णता कोंडत नाही. पावसाळ्यात ती ओलावा धरते आणि मग बोर्डावर कुठे गंज, कुठे चुकीच्या जागी वाहणारा प्रवाह, असले उद्योग करते.

हवेसाठी भावाने कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर सुचवला होता. त्या टाकीत पाणी साचतं आणि पंपाचं तेल मिसळतं, त्यामुळे बोर्डावर तेलकट फवारा बसतो. दाबही झेपण्यापलीकडचा. डब्यातली दाबलेली हवा मिळते ती चांगली, पण डबा उभा धरावा लागतो. वाकडा केला की आतला द्रव बाहेर येतो आणि पडेल तिथे बर्फासारखा गोठतो. त्यातला वायू बहुधा पेटणारा असतो, म्हणजे गरम मशीनवर किंवा देवाच्या दिव्याजवळ तो मारायचा नाही. आमच्याकडे हातात धरायचा विजेचा ब्लोअर होता. त्याचं प्लॅस्टिकचं तोंड कुठल्याच भागाला टेकू द्यायचं नाही. वीतभर, बोर्डाजवळ तर हातभर अंतर ठेवायचं, आणि सलग न मारता दोन-दोन सेकंदांचे झोत द्यायचे.

पहिला झोत मारण्याआधी पंख्याच्या पात्यात बोट. झोताने पंखा मोकाट फिरू दिला की भिंगरीसारखा मस्त आवाज येतो आणि पोरं खूष होतात, पण तो नेहमीच्या कितीतरी पट वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. फिरणारी मोटर म्हणजे उलटा जनरेटरही आहे. ती वीज बोर्डाकडे परत जाते. त्यातून बोर्ड जळालेला मी पाहिलेला नाही, तरी बोट ठेवायला पैसे पडत नाहीत.

खरा अडसर प्रोसेसरच्या कूलरमध्ये होता. वरून पंखा साफ दिसत होता. टॉर्च मारून पात्यांच्या मधून पाहिलं, तेव्हा खालच्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांवर जाड गादी दिसली. पंखा हवा ढकलत होता ती या गादीवर आपटून परत येत होती. नुसत्या झोताने ती वरच्या वर दबून आणखी घट्ट बसते. म्हणून आधी बांबूच्या काडीने कडेची गादी सैल केली, मग नैसर्गिक केसांच्या मऊ ब्रशने ओढून वर आणली, आणि झोत बाजूने, पाकळ्यांच्या बुडाकडून बाहेरच्या दिशेने मारला. गादी जवळजवळ अखंड उचलून आली. भावाने ती कागदावर ठेवून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. ब्रश नायलॉनचा घेऊ नये, घासताना तो भारतो.

कूलर मी काढला नाही. काढला असता तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावणं भाग होतं, कारण एकदा उचललेली पेस्ट पुन्हा नीट बसत नाही, मध्ये हवेचे बुडबुडे राहतात. काही प्रोसेसरच्या बाबतीत वाळलेल्या पेस्टमुळे कूलरबरोबर प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. धूळ काढून तापमान उतरलं नाही, तर पुढची पायरी पेस्ट. आधी नाही.

एसएमपीएसच्या बाबतीत एकच सांगतो: त्याचे स्क्रू खोलू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 325 व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाबाने वीज साठते आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ राहू शकते. वर सांगितलेले हजारो व्होल्ट चिमटा काढून जातात. हे तीनशे माणूस आडवा करतात, कारण यांच्यामागे साठा मोठा असतो. बाहेरच्या जाळीतून झोत मारा, पंखा काडीने धरा, आणि सोडून द्या. हार्ड डिस्कवर एक बारीक भोक असतं, शेजारी झाकू नका अशी सूचनाही छापलेली असते. त्या भोकात हवा मारायची नाही. समोरची जाळी तेवढी सुटी करून नळाखाली धुतली आणि पुरती वाळल्यावर दुसऱ्या दिवशी बसवायला सांगितली.

मग खोडरबर निघाला. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायच्या, हा गावोगावचा उपचार आहे आणि तो केल्यावर बंद मशीन कधी कधी चालूही होतं. चालू होतं त्याचं निम्मं श्रेय रॅम काढून पुन्हा नीट बसवण्याला आहे. खोडरबर मात्र तो सोन्याचा मुलामा घासून नेतो, जो मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी जाडीचा असतो. त्याचे कण स्लॉटमध्ये शिरतात. आणि घासण्याने भार तयार होतो तो थेट चिपच्या पिनांवर. रॅम खरंच त्रास देत असेल तर कडेला धरून काढावी, पट्ट्या आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसाव्यात, वाळू द्याव्यात आणि बसवाव्यात. इथे रॅम त्रास देत नव्हती, म्हणून तिला हातच लावला नाही. बोर्डात बसलेली रॅम कॅबिनेटशी जोडलेली असते. हातात घेतलेली एकटी असते आणि तुमच्या बोटाचा सगळा भार तिच्यावर येतो. साफसफाईत जेवढं कमी सुटं कराल, तेवढी स्थिर विजेची चिंता कमी.

झाकण लावलं, केबली फोटो बघून जोडल्या, बटण दाबलं. पडद्यावर CPU Fan Error. भावाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याच्या दुकानाला कुलूप लावलंय. माझीच चूक होती. ब्रश ओढताना पंख्याची बारीक तार अडकून तिचा प्लग बोर्डावरच्या CPU_FAN लिहिलेल्या जागेतून अर्धा निघाला होता. बंद केलं, प्लग काढला, बोट पत्र्याला, तार जागेवर, पुन्हा चालू. सफाईनंतर मशीन उठलं नाही तर स्थिर विजेने जळालं असं धरून रडायला लागण्याआधी तारा बघाव्यात. दहातल्या बहुतेक वेळा एखादा प्लग सैल असतो किंवा रॅमची एक बाजू नीट बसलेली नसते.

तीच जड फाइल, तेवढीच दहा मिनिटं. तापमान 66 वर थांबलं, Throttling समोर No. पंख्याचा आवाज शेजारच्या रसवंतीच्या घुंगरांखाली बुडून गेला.

"पण आज आत काही जळलं असेल तर कळेल कसं?" भावाने निघताना विचारलं. प्रश्न रास्त होता. स्थिर विजेचा तडाखा नेहमी लगेच मारत नाही. कधी चिपमधला थर अर्धवट दुखावतो, मशीन चालत राहतं, आणि काही महिन्यांनी एखादा यूएसबी पोर्ट मरतो किंवा कारण नसताना पडदा निळा पडतो. त्याचं कारण आजच्या रविवारात होतं, हे तेव्हा कुणीच सिद्ध करू शकत नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आजकाल चिपच्या पिनांपाशी संरक्षक डायोड घातलेले असतात, त्यामुळे बोर्डात बसलेले भाग पूर्वीपेक्षा बरेच सोशिक आहेत. काहीच काळजी न घेता वर्षानुवर्षं मशीन उघडणारे आणि तरी नुकसान न झालेले लोक आहेत ते याच जोरावर. माझं मत विचाराल तर घरगुती सफाईत बोर्ड मरतात ते घसरलेल्या स्क्रूड्रायव्हरने आणि ओढलेल्या तारांनीच जास्त. पत्र्याला बोट टेकवायला एक सेकंद लागतो, एवढंच मी म्हणेन.

त्या दुकानातल्या सॉकेटचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. सोमवारी वायरमन आला. त्याने अर्थिंगच्या भोकामागे तार नव्हतीच असं दाखवलं आणि ती मीटरच्या अर्थिंगपर्यंत ओढून दिली. न्यूट्रलचाच तुकडा अर्थिंगला जोडून काम भागवू का, असंही त्याने विचारलं होतं; भावाने मला फोन लावला आणि मी नको म्हणालो, कारण न्यूट्रल कुठे तुटला तर सगळी बॉडी थेट 230 व्होल्टवर जाते. आता झिणझिण्या येत नाहीत. तुमच्या कॉम्प्युटरच्या मागच्या पत्र्याला हात लावल्यावर येत असतील, तर धुळीचं नंतर बघू, आधी वायरमनला बोलवा.